दोन मिनिटांचा नियम पाळूनही इनबॉक्स भरलेलाच राहतो: कारण कुठे शोधावे, दुरुस्ती कशी करावी

समस्येचे स्वरूप

खरेदी, डिस्पॅच आणि हिशेब या तिन्ही कामांचे मेल जिथे एकाच व्यक्तीकडे येतात, अशा लहान कार्यालयांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. दोन मिनिटांत होणारे काम लगेच करून टाकावे हा नियम त्या व्यक्तीला ठाऊक असतो आणि ती तो प्रामाणिकपणे पाळतही असते. सकाळी साडेनऊला मेल उघडले जातात, एकामागून एक उत्तरे जातात, पाहता पाहता साडेअकरा होतात, आणि तरीही इनबॉक्समधला आकडा फारसा खाली आलेला नसतो. ज्या कामासाठी सकाळची शांत वेळ हवी होती, म्हणजे तीन पुरवठादारांच्या दरांची तुलना किंवा महिनाअखेरचा ताळमेळ, ते जेवणानंतर ढकलले जाते आणि तिथून बहुधा दुसऱ्या दिवसावर जाते. एखाद्या दिवशी उशिरापर्यंत बसून सगळा इनबॉक्स रिकामा केला जातो, पण आठवडाभरात तो पुन्हा होता तसा होतो.

येणाऱ्या मेलची संख्या जास्त आहे, असे कारण बहुतेक जण सांगतात. काही ठिकाणी ते खरेही असते, आणि त्याचा विचार शेवटी केला आहे. परंतु संख्या आटोक्यात असूनही समस्या पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर दोष नियम लावण्याच्या क्रमात, वेळ मोजण्याच्या रीतीत किंवा पुढे ढकललेल्या कामांच्या व्यवस्थेत असतो. हे तीन दोष स्वतंत्र आहेत आणि त्यांची दुरुस्तीही वेगवेगळी आहे, म्हणून आधी तपासणी करावी.

विवेचनासाठी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे. तेथे सीएनसी मशिनवर सुटे भाग तयार होतात आणि ते चाकणच्या व सातपूरच्या मोठ्या कंपन्यांना पुरवले जातात. कार्यालयात मालक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, हिशेब आणि खरेदी सांभाळणाऱ्या मॅडम, गुणवत्ता विभागाचे एक इन्स्पेक्टर आणि शॉप फ्लोअरवरचे सुपरवायझर एवढीच माणसे आहेत. मेल जीमेलवर येतात असे धरले आहे. दुसरी सेवा असेल तर बटणांची नावे बदलतील, तर्क बदलणार नाही.

आधी तपासणी

जीमेलच्या शोधपट्टीत पुढील ओळ टाकावी.

```
in:inbox is:read older_than:3d
```

वाचून झालेले, तरीही तीन दिवसांहून अधिक काळ इनबॉक्समध्ये पडून असलेले मेल यात दिसतात. प्रत्येक मेल कोणीतरी उघडला, वाचला, आणि निर्णय न घेता बंद केला, असा त्याचा अर्थ आहे. ही यादी लांबलचक निघाली तर दोष पुढे ढकलण्याच्या व्यवस्थेत आहे, असे समजावे.

```
in:sent newer_than:2d
```

गेल्या दोन दिवसांत पाठवलेली उत्तरे एकेक करून वाचावीत. त्यांत "पाहून कळवते", "ओके", "चालेल, बोलू या" अशी उत्तरे बरीच असतील, तर दोन मिनिटांचे काम म्हणून जे केले गेले ते काम नव्हतेच, केवळ पोच होती. मूळ काम तसेच शिल्लक राहिले आणि त्यावर समोरच्याचा आणखी एक मेल येणार हेही नक्की झाले. हे वेळ चुकीची मोजल्याचे लक्षण आहे.

तिसऱ्या तपासणीसाठी कोणताही शोध लागत नाही. सकाळच्या सत्रात लगेच उरकलेली दहा कामे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर, ते केलेच नसते तर कोणाचे काय अडले असते, हे एका ओळीत लिहावे. निम्म्या ओळी कोऱ्या राहिल्या तर क्रम चुकतो आहे.

पहिला दोष: मिनिटांचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो

हा नियम डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागारांनी २००१ साली प्रकाशित झालेल्या कार्यपद्धतीतून सर्वदूर पोहोचला. मूळ पद्धतीत तो एकटा उभा नाही. आलेली गोष्ट काय आहे, तिच्याबाबत मला काही करायचे आहे का, करायचे असल्यास नेमकी पुढची कृती कोणती, हे तीन प्रश्न आधी येतात आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच, ही कृती दोन मिनिटांत संपेल का, असे विचारायचे असते. संपत असेल तर लगेच करायची. संपत नसेल तर ती दुसऱ्या कोणाची आहे का ते पाहायचे, आणि ती आपलीच असेल तर कॅलेंडरवर किंवा कामांच्या यादीत नोंदवायची.

प्रत्यक्षात या साखळीतले पहिले दुवे गळतात आणि "दोन मिनिटांत होते ना, मग करून टाका" एवढेच उरते. परिणाम असा होतो की जे काम मुळात करायलाच नको होते, ते केवळ छोटे आहे म्हणून केले जाते. हत्यारांच्या एखाद्या प्रदर्शनाचे निमंत्रण येते, नोंदणीचा फॉर्म दीड मिनिटात भरून होतो, आणि त्यानंतर महिनाभर आयोजकांची स्मरणपत्रे व विक्रेत्यांचे फोन येत राहतात. साहेबांना त्या प्रदर्शनाला जायचे आहे का, हे कोणी विचारलेले नसते. तसेच माहितीसाठी म्हणून प्रत जोडलेल्या मेलचे. चाकणच्या ग्राहकाचे दोन अधिकारी आपापसांत ड्रॉइंगच्या दुरुस्तीवर चर्चा करतात, सर्वांना उत्तर जात राहते, आणि मॅडम प्रत्येक वेळी "नोंद घेतली" असे कळवतात. वेळ दर वेळी अर्धा मिनिट लागतो, पण त्या उत्तराची कोणालाच गरज नसते, आणि ज्यांच्याकडे ते जाते त्या सहा जणांनाही ते उघडावे लागते.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी सोडून देण्याची आहे. मेल उघडल्यावर, यावर मी काहीच केले नाही तर कोणाचे, केव्हा आणि काय अडेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तरात एखादी व्यक्ती आणि तारीख आली नाही तर तो मेल सोडून देण्याचा आहे. सोडणे म्हणजे पुसून टाकणेच असे नाही. पुढे कधी लागेल असे वाटत असेल तर `Archive` करावे. तो इनबॉक्समधून जातो पण शोधल्यावर सापडतो. पुरवठादारांशी झालेला पत्रव्यवहार याच प्रकारे ठेवावा, कारण वर्षभराने दरावरून वाद निघाला तर तो लागतो. निव्वळ जाहिरात असेल तर पुसावी आणि त्याच वेळी `Unsubscribe` दाबून त्या प्रेषकाचे मेल बंद करावेत. ज्या चर्चेशी आपला संबंध नाही तिच्यावर `Mute` लावावे, म्हणजे तिच्यातली पुढची उत्तरे इनबॉक्समध्ये येत नाहीत. पत्ता थेट आपलाच असलेला मेल आला तर ती चर्चा पुन्हा वर येते, त्यामुळे महत्त्वाचे काही निसटण्याची भीती फारशी राहत नाही.

सोडून देण्यास संकोच वाटतो तो बहुतेक वेळा मेल साहेबांनी "कृपया पाहावे" असे लिहून पुढे पाठवलेला असतो तेव्हा. अशा मेलमध्ये कृतीच ठरलेली नसते. इथे मिनिटे मोजण्यात अर्थ नाही; "साहेब, यावर कोटेशन मागवायचे आहे की फक्त फाइलला ठेवायचे?" असे एका वाक्यात विचारून घेणे हीच पुढची कृती, आणि ती खरोखर अर्ध्या मिनिटात होते.

दुसरा दोष: घड्याळ चुकीच्या ठिकाणी थांबवले जाते

या दोषाला सर्वांत अधिक जागा द्यायला हवी, कारण सकाळचे दोन तास मुख्यतः इथेच जातात. दोन मिनिटांचा अंदाज बांधताना मनात उत्तर टंकण्याचा वेळ असतो. नियमाला अपेक्षित असलेला वेळ मात्र मेल उघडल्यापासून तो कायमचा दूर होईपर्यंतचा आहे, म्हणजे माहिती शोधणे, ती बरोबर आहे का ते पाहणे, फाइल जोडणे, जिथे नोंद करायची तिथे करणे आणि मेल बाजूला करणे हे सगळे त्यात आले.

एक प्रसंग तपशिलाने पाहू. सातपूरच्या ग्राहकाचा मेल येतो: मागील आठवड्यात आलेल्या लॉटचे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मिळालेले नाही, कृपया पाठवावे, माल त्याअभावी आवक तपासणीत अडकला आहे. "सोबत सर्टिफिकेट जोडले आहे" हे लिहायला अर्धा मिनिट पुरतो, म्हणून मॅडम ते लगेच करण्याचे ठरवतात. सर्टिफिकेट शेअर्ड फोल्डरमध्ये असायला हवे. तिथे मागच्या लॉटचे सापडते, या लॉटचे नाही. इन्स्पेक्टरांना फोन केला जातो, ते मशिनवर असतात. पाच मिनिटांनी त्यांचा फोन येतो की स्टीलवाल्याकडून आलेला कागद फाइलला आहे, स्कॅन झालेला नाही. कागद वर येतो, स्कॅन होतो, तेवढ्यात त्यावरचा हीट नंबर चलानवरच्या नंबराशी जुळवून पाहावा लागतो. सर्व मिळून वीसेक मिनिटे जातात, आणि दरम्यान इनबॉक्स उघडाच असल्यामुळे आणखी दोन मेल वाचले जातात, निर्णय न होता.

यात काम करणाऱ्याचा काही प्रमाद नाही. काम तातडीचे होते आणि ते व्हायलाच हवे होते. प्रश्न फक्त एवढाच आहे की ते मेल निवडण्याच्या वेळेत व्हायला नको होते. शेअर्ड फोल्डर उघडून सर्टिफिकेट सापडले नाही, त्या क्षणी हे काम दोन मिनिटांचे राहिले नाही हे सिद्ध झाले होते. तिथेच थांबून इन्स्पेक्टरांना "अमुक लॉटचे सर्टिफिकेट स्कॅन करून बारापर्यंत फोल्डरला टाकावे, सातपूरला पाठवायचे आहे" असा निरोप धाडणे, ग्राहकाला "आज दुपारपर्यंत पाठवतो" असे कळवणे आणि मेलवर वाट पाहण्याचे लेबल लावून पुढे जाणे, हे दोन मिनिटांत बसले असते. ग्राहकाला मिळालेल्या उत्तरात वेळ असते, म्हणून ते पोच म्हणून पाठवलेल्या "पाहून कळवते" यापेक्षा उपयोगाचे ठरते. तो अकरा वाजता पुन्हा विचारत नाही.

एखादे काम दोन मिनिटांचे नाही हे आधीच ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली खूण अशी की मेलशिवाय आणखी एकाहून अधिक ठिकाणी जावे लागते. एक फोल्डर उघडून फाइल जोडणे चालेल, पण टॅली उघडायचे, त्यातून खाते काढायचे आणि एक्सेलमध्ये जुळवायचे असेल तर ते काम यादीत गेले पाहिजे. दुसरी खूण, कोणाला तरी विचारावे लागते आणि ती व्यक्ती समोर नाही. तिसरी खूण, दर, मुदत किंवा जबाबदारी यांपैकी कशाचा तरी निर्णय घ्यावा लागतो. यांपैकी एकही खूण दिसली की टंकायला किती वेळ लागेल याचा विचार सोडून द्यावा.

अंदाज किती चुकतो हे ज्याला पटत नाही त्याने काही दिवस फोनवरचे स्टॉपवॉच वापरावे. काम लगेच करायचे ठरवले की अंदाजे मिनिटे कागदावर लिहावीत, मेल दूर झाल्यावर प्रत्यक्ष मिनिटे शेजारी लिहावीत. बहुधा असे आढळते की खरोखर छोटी कामे अंदाजापेक्षाही लवकर होतात, आणि काही ठरावीक प्रकारची कामे दर वेळी घोटाळा करतात. प्रत्येक कार्यालयात हे प्रकार वेगळे असतात. कुठे सर्टिफिकेट, कुठे थकीत बिलाची चौकशी. ते ओळखता आले की त्या प्रकारचा मेल आला की विचार न करता यादीत टाकता येतो.

मर्यादा दोनच मिनिटांची का, असाही प्रश्न येतो. कामाची नोंद करणे, ती नंतर पुन्हा वाचणे आणि संदर्भ पुन्हा लक्षात आणणे यालाच जवळपास तेवढा वेळ जातो, म्हणून त्याहून लहान काम नोंदवण्यापेक्षा करणे स्वस्त पडते. यापलीकडे त्या आकड्यात काही नाही. ॲलन यांनीही तो मार्गदर्शनापुरताच मानला आहे: वेळ भरपूर असेल तर मर्यादा पाच-दहा मिनिटांपर्यंत नेता येते, आणि सगळा ढीग झटपट पाहायचा असेल तर ती एका मिनिटावर किंवा तीस सेकंदांवरही आणता येते. इथे एक साधा गुणाकार विसरला जातो. दोन मिनिटांची वीस कामे म्हणजे चाळीस मिनिटे. सकाळी मेलसाठी अर्धाच तास असेल, तर ट्रक उभा असलेल्या दिवशी मर्यादा एका मिनिटावर आणावी आणि निवांत दिवशी पुन्हा दोनवर न्यावी.

तिसरा दोष: पुढे ढकललेले काम इनबॉक्समध्येच राहते

लगेच न करण्याचे ठरलेल्या मेलवर तारांकन लावणे किंवा तो पुन्हा न वाचलेला म्हणून खूण करणे ही सर्वसाधारण सवय आहे. त्यातून निर्णय झाला असे वाटते, पण काय करायचे आणि केव्हा, हे कुठेही लिहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी तो मेल पुन्हा उघडावा लागतो, पुन्हा वाचावा लागतो आणि पुन्हा तसाच ठेवला जातो. इनबॉक्स ही पोस्टमनने पत्रे टाकण्याची पेटी आहे. त्यातच कामाचे कागद ठेवले तर नवे पत्र कोणते आणि जुने काम कोणते हे रोज नव्याने वेचावे लागते.

पुढे ढकलायच्या कामाला तीन ठिकाणे पुरतात. ठरावीक दिवशीच किंवा ठरावीक दिवसापर्यंतच जे व्हायला हवे ते कॅलेंडरवर जाते. ज्याला तारखेचे बंधन नाही पण करायचे नक्की आहे ते कामांच्या यादीत जाते; जीमेलमध्ये मेल उघडा असताना `Add to tasks` दाबले की त्या मेलचा दुवा यादीत येतो. दुसऱ्याने काही करायचे आहे आणि आपण थांबलो आहोत, अशा मेलला "प्रतीक्षा" नावाचे लेबल लावावे. तिन्ही प्रसंगी मूळ मेल `Archive` करावा. कोणी उत्तर दिले की तो संवाद इनबॉक्समध्ये आपोआप परत येतो, म्हणून हरवण्याची भीती नाही. उत्तर आलेच नाही तर प्रतीक्षा लेबल आहे.

यादीत मेलचा विषय तसाच ठेवू नये. "Re: Re: Fwd: कोटेशन" या ओळीवरून नंतर काहीच कळत नाही. "तिन्ही स्टीलवाल्यांचे दर वाहतुकीसह एका तक्त्यात मांडणे" असे क्रियापदासह लिहावे. एवढे लिहायला पंधरा सेकंद लागतात आणि मेल पुन्हा वाचण्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही.

कॅलेंडरबाबत कडक राहावे. "बुधवारी करू" असे म्हणून जी कामे कॅलेंडरवर टाकली जातात ती बुधवारी झाली नाहीत तरी काही बिघडत नाही हे लवकरच लक्षात येते, मग कॅलेंडरवरच्या सगळ्याच नोंदींवरचा विश्वास उडतो, आणि खरी मुदत असलेली नोंदही तशीच सरकवली जाते. `Snooze` चेही असेच होते. पुढच्या मंगळवारच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका मंगळवारी सकाळी वर यावी यासाठी ते उत्तम आहे, कारण त्याआधी तिचा उपयोगच नाही. निर्णय घ्यायचा कंटाळा आला म्हणून मेल उद्यावर टाकण्यासाठी ते वापरले, तर उद्याच्या इनबॉक्समध्ये आजचा मेल नवा होऊन येतो. शोधपट्टीत `in:snoozed` टाकून पाहिले की असे मेल किती आहेत ते दिसते.

एका सोमवारचे ३६ मेल

आता ही दुरुस्ती एकत्र कशी दिसते ते पाहू. सोमवार आहे, महिन्याची ५ तारीख आहे आणि रविवारच्या सुट्टीनंतर ३६ मेल जमले आहेत. सत्र अर्ध्या तासाचे आहे. मेल सर्वांत वरचा आधी, निवड न करता घ्यायचे. सोपे आधी घेतले तर अवघड तळाशी साचतात.

१५ मेल सोडून देण्याचे निघतात: जाहिराती, प्रदर्शनाचे निमंत्रण, कुरिअर पोहोचल्याच्या सूचना, ड्रॉइंगची ती चर्चा. कुरिअरच्या सूचनांसाठी फिल्टर लावण्याचा मोह इथे होतो, परंतु फिल्टर तयार करणे हे दोन मिनिटांच्या वर जाऊ शकणारे काम आहे, म्हणून ते यादीत एका ओळीने टाकावे. या पंधरांना तीन मिनिटे लागतात.

पुढचे ९ खरोखर छोटे आहेत. ग्राहकाने जीएसटी क्रमांक असलेली कंपनीची माहिती मागितली आहे आणि ती पीडीएफ तयार आहे. वीज वितरण कंपनीची गुरुवारच्या दुरुस्तीसाठीच्या वीजबंदीची सूचना आहे. ती सुपरवायझरना पुढे पाठवून कॅलेंडरवर गुरुवारी नोंद करणे एवढेच काम. ट्रान्सपोर्टवाल्याने गाडीची वेळ विचारली आहे, ती फळ्यावर लिहिलेली आहे. साहेबांचे "कृपया पाहावे" हेही यातच, उलट प्रश्न विचारून. प्रत्येकी दीड मिनिट धरले तर चौदा मिनिटांच्या आत हे संपते. घाईत जोडपत्र विसरण्याची शक्यता असते, म्हणून पाठवलेला मेल परत घेण्याची मुदत सेटिंगमध्ये तीस सेकंदांवर ठेवणे चांगले. जीमेल त्याहून अधिक देत नाही.

४ मेल दुसऱ्यांची कामे आहेत, त्यांत टेस्ट सर्टिफिकेटचा मेल आहे. ती संबंधितांना पाठवून प्रतीक्षा लेबल लागते. ३ कॅलेंडरवर जातात. त्यांतला एक चार्टर्ड अकाउंटंटांचा आहे: मागील महिन्याचे विक्री रजिस्टर ८ तारखेपर्यंत द्यावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारखेची मुदत असते, म्हणून ही खरी तारीख आहे; कॅलेंडरवर नोंद मात्र ७ तारखेच्या सकाळची करावी, कारण क्रेडिट नोटा जुळल्या नाहीत तर दुरुस्तीला एक दिवस हाताशी राहतो. उरलेले ५ यादीत जातात आणि त्यांत स्टीलच्या दरांची तुलना असते. या बारा मेलना, निरोप आणि नोंदीसह, नऊ मिनिटे पुरतात.

एकूण सव्वीस मिनिटांच्या आसपास इनबॉक्स रिकामा होतो. कामे संपलेली नसतात, हे स्पष्ट असावे. बारा कामे शिल्लक आहेत, पण ती कोणती, कोणाकडे आणि केव्हा हे ठरलेले आहे, आणि दरांच्या तुलनेसाठी दहा वाजल्यापासूनचा वेळ हातात आहे. आधीच्या पद्धतीत याच ३६ मेलमधून पंधरा-सोळा "छोटी" कामे निवडली गेली असती आणि त्यांतली सहा-सात प्रत्येकी दहा मिनिटे खाऊन गेली असती.

जिथे हा नियम लावूच नये

काही मेल वेळेच्या दृष्टीने छोटे असतात आणि त्यातच धोका असतो. त्यांतला सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे पुरवठादाराच्या नावाने येणारा बँक खाते बदलल्याचा मेल. "आमचे जुने खाते ऑडिटमुळे बंद आहे, यापुढील रक्कम सोबतच्या खात्यात भरावी" अशी भाषा असते. टॅलीत खाते क्रमांक बदलायला एक मिनिटही लागत नाही. असे मेल फसवणुकीचे असू शकतात, कधी पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते, कधी पुरवठादाराचा खरा मेलच कोणीतरी ताब्यात घेतलेला असतो, त्यामुळे पत्ता बरोबर दिसला तरी खात्री होत नाही. अशा मेलला उत्तर न देता, त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन न करता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर पुरवठादाराशी बोलावे आणि साहेबांच्या संमतीनंतरच खाते बदलावे. हे काम कायम यादीत जाईल असा नियमच करावा. रक्कम गेलीच असेल तर मात्र क्षणही न दवडता बँकेला कळवून राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवावी.

दुसरा प्रकार दर किंवा मुदत मान्य करण्याचा. "सुधारित दर मान्य आहे ना, कळवावे" याला "ओके" हे उत्तर दोन सेकंदांत जाते आणि वर्षभर बांधून ठेवते. मालाच्या नापसंतीबद्दलचा रागाने लिहिलेला मेलही इथेच मोडतो. त्याला पहिले उत्तर फोनने द्यावे.

दुरुस्ती झाली का, हे कसे पाहावे

पहिल्या तपासणीतील ओळ दर शुक्रवारी पुन्हा टाकावी. वाचलेले आणि तीन दिवसांहून जुने मेल कमी होत गेले तर निर्णय होत आहेत. त्याच वेळी प्रतीक्षा लेबल आणि कामांची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी. हे केले नाही तर समस्या फक्त इनबॉक्समधून यादीत स्थलांतरित होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत लोक पुन्हा इनबॉक्सवरच भिस्त ठेवू लागतात. यादीतली एखादी ओळ सलग काही शुक्रवार हललीच नाही, तर पुढची कृती नीट लिहिलेली नाही किंवा ते काम सोडून देण्याचे आहे.

जुना साठा शेकड्यांत असेल तर तो एकेक करून उपसण्याच्या भानगडीत पडू नये. `in:inbox older_than:30d` शोधावे, सर्व मेल निवडावेत, "जुना साठा" असे लेबल लावून एकदम `Archive` करावेत. ज्याचे खरोखर अडले आहे तो पुन्हा विचारेल आणि तेव्हा शोधून सापडेल. अपवाद थकीत देयकांचा. त्यासाठी साठा हलवण्याआधी पुरवठादारांच्या नावाने एकदा शोध घ्यावा.

आणि हे सर्व करूनही अर्ध्या तासाचे सत्र रोज तासावर जात असेल, तर मेलची संख्याच एका माणसाला झेपणारी नाही. तेव्हा खरेदी, डिस्पॅच आणि हिशेब यांचे पत्ते वेगळे करून, सर्टिफिकेटसारख्या चौकशा थेट गुणवत्ता विभागाकडे जातील अशी व्यवस्था करावी लागते, आणि ती साहेबांनीच ग्राहकांना कळवावी लागते.